काकांना जमेल असं टेम्प्लेट

आमची संस्था मुळशी-वेल्हे भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पुस्तकपेट्या फिरवते. पगारी माणसं तीन, बाकी आम्ही सगळे कार्यकर्ते. वर्षभरात तीस-चाळीस वेळा कुणी ना कुणी कुठेतरी पीपीटी दाखवतं: कधी कंपनीच्या सीएसआर विभागाला, कधी केंद्रप्रमुखांच्या बैठकीत, कधी एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघात. जो बोलणार, तोच पीपीटी बनवणार, अशी पद्धत होती.

2024 च्या मे महिन्यात एका कंपनीत आम्ही दोघी गेलो होतो. शेवटच्या स्लाइडवर नोंदणीचे तपशील होते. समोरच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "हा 80जी चा नंबर जुना आहे ना?" जुनाच होता. 2021 नंतर सगळ्या संस्थांना आयकर खात्याकडे पुन्हा नोंदणी करावी लागली आणि नवे क्रमांक मिळाले. आमचं नवं प्रमाणपत्र ऑफिसच्या फाइलमध्ये नीट लावलेलं होतं, पण पीपीटी तयार झाली होती 2019 च्या पीपीटीवरून. बाई सभ्य होत्या, पुढे काही बोलल्या नाहीत. रिक्षात मात्र आम्ही दोघीही गप्प होतो.

8 जूनच्या, म्हणजे दुसऱ्या शनिवारच्या बैठकीत मी विषय काढला. एका डिझायनरने टेम्प्लेटचे अठरा हजार सांगितले होते. रक्कम वाजवी होती, पण त्यात पुढचे बदल धरलेले नव्हते आणि आमच्याकडे त्यासाठी वेगळी तरतूदही नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "तू ऑफिसात रोज हेच करतेस ना?" मी विमा कंपनीत आहे, डिझायनर नाही. तरी हो म्हणून बसले. महिनाभरात होईल असं वाटलं होतं. लागले साडेतीन महिने.

पहिले दोन आठवडे नुसत्या जुन्या पीपीटी गोळा केल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका, कारण टेम्प्लेट कशासाठी हवं ते यातूनच कळतं. चौदा फाइली मिळाल्या. त्यांत लोगो चार प्रकारचे, एक तर पांढऱ्या चौकटीसकट. संस्थेचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसती आद्याक्षरं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं नाव अक्षरश: तसंच फक्त पाच फाइलींत होतं. मी एका वहीत दोन रकाने केले: लोक खरोखर कोणत्या प्रकारच्या स्लाइड बनवतात, आणि कुठे चुकतात. पहिला रकाना लवकर संपला. मुखपृष्ठ, मुद्दे, एक मोठा फोटो, दोन फोटो शेजारी शेजारी, शाळांचा तक्ता, एखादा मोठा आकडा आणि शेवटची नोंदणीची स्लाइड. चौदा फाइलींत एवढे सातच प्रकार होते. हा रकाना मी तेव्हाच नीट वाचला असता तर जुलै वाचला असता.

लोगोची वेगळीच गंमत. ऑफिसात होता तो लेटरहेड स्कॅन करून कापलेला, मोठा केला की कडा फाटायच्या. मग आमच्या खजिनदारांना आठवलं की लेटरहेड नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये छापतो. प्रेसवाल्यांकडे कोरलड्रॉची मूळ फाइल 2011 पासून जपून ठेवलेली! त्यांनी ती एसव्हीजी करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण दोन चकरा झाल्या. तुमच्याही संस्थेचा नीट लोगो सापडत नसेल तर आधी छापखान्यात विचारा.

लोगोचा रंग केशरी. साहजिकच मी सगळी शीर्षकं केशरी केली. लॅपटॉपवर छान दिसत होती, पण ऑफिसच्या जुन्या प्रोजेक्टरवर भिंतीत विरघळून गेली. वेबवर रंगांमधला फरक मोजणारी साधनं फुकट आहेत, दोन रंगांचे कोड टाकले की गुणोत्तर मिळतं. आमच्या केशरीचं (`#F28C28`) पांढऱ्यावर अडीचच्या आसपास आलं. साध्या मजकुराला किमान 4.5 हवं आणि मोठ्या अक्षरांना 3. म्हणजे केशरी शीर्षकालाही चालत नव्हता. मग अक्षरं गडद निळी (`#1B3A57`, गुणोत्तर 11 च्या वर) आणि केशरी फक्त पट्टीला आणि तक्त्याच्या रेघांना ठेवला. एका विश्वस्तांना हे आवडलं नाही. "आपला रंग केशरी आहे," असं ते दोन बैठका म्हणत राहिले. शेवटी प्रोजेक्टर लावून दोन्ही स्लाइड दाखवल्या, तेव्हा वाद मिटला. रंगाचा निर्णय लॅपटॉपवर बसून करू नका, एवढंच सांगते.

टेम्प्लेट पॉवरपॉइंटमध्येच करायचं ठरलं. गूगल स्लाइड्स आणि कॅनव्हा यांचा विचार झाला होता आणि तरुण मुलींना तेच सोपं वाटत होतं. पण वेल्ह्याच्या निम्म्या शाळांत नेटवर्क नाही आणि आमचे निवृत्त कार्यकर्ते पॉवरपॉइंटशिवाय काही उघडत नाहीत. जिथे सगळ्यात अडचण आहे तिथे चालेल तेच घ्यावं, असं मला वाटलं.

आता मूळ काम. पॉवरपॉइंटमध्ये `View` मध्ये जाऊन `Slide Master` उघडला की डावीकडे वर एक मोठी स्लाइड दिसते आणि तिच्याखाली छोट्या छोट्या मांडण्या. मोठीवर केलेला बदल सगळ्यांना लागतो, छोटीवरचा फक्त त्या मांडणीला. मजकुराच्या जागा इथे `Insert Placeholder` वापरूनच करायच्या. मी पहिल्यांदा काही ठिकाणी साधा टेक्स्ट बॉक्स टाकला होता. तो नंतर स्लाइडवर दिसतो, पण कुणाला त्यात लिहिता येत नाही. मग माणूस त्याच्यावर स्वतःचा नवा बॉक्स ठेवतो, आणि झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

13 जुलैपर्यंत माझ्याकडे तेवीस मांडण्या तयार होत्या. मला त्यांचा अभिमान होता. त्या दिवशी बैठकीनंतर मी एका काकांना थांबवलं. वय अडुसष्ट, बँकेतून निवृत्त, आमच्याकडच्या सर्वांत जास्त पीपीटी त्यांच्याच. म्हटलं, "काका, यात पाच स्लाइडची एक पीपीटी करून दाखवा. मी काही बोलणार नाही." आणि खरंच तोंड बंद ठेवून शेजारी बसले. हे फार अवघड असतं.

काकांनी `New Slide` दाबलं, तेवीस चित्रांची यादी उघडली, ती त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली आणि पहिलीच निवडली. पुढच्या चारही स्लाइडना पहिलीच. मग वर्तमानपत्रातली एक बातमी चिकटवली, ती तिच्या मूळ रंगाढंगासकट आली. मग शाळांचा तक्ता घातला. तक्त्यातली मराठी अक्षरं वेगळ्याच फॉन्टमध्ये. एका स्लाइडवर मुद्दे जास्त झाले तशी अक्षरं आपोआप बारीक होत गेली आणि शेवटी मलाच वाचता येईनात. चाळीस मिनिटांनी काका म्हणाले, "तुझं चांगलंय गं, पण माझं जुनंच बरं होतं."

घरी आल्यावर दोन दिवस फाइल उघडली नाही. मग वही काढली आणि काकांनी जिथे जिथे धडपडून दाखवलं तेवढंच एकेक करत सोडवायला घेतलं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला फॉन्टने. मी मुक्त हा फॉन्ट निवडला होता. मुंबईच्या एक टाइपचा आहे, फुकट आहे, आणि परवाना मुक्त असल्यामुळे फाइलसोबत कुणालाही देता येतो. शीर्षक आणि मजकुराच्या चौकटींना तो नीट लागला होता, कारण मास्टरवर त्या चौकटी निवडून मी हाताने फॉन्ट दिला होता. पण तक्ता, आलेख, नवा टेक्स्ट बॉक्स हे सगळे फॉन्ट घेतात ते थीममधून. थीममध्ये फॉन्टच्या तीन जागा असतात: एक रोमन अक्षरांसाठी, एक चिनी-जपानीसाठी, आणि एक तथाकथित गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी, ज्यात आपली देवनागरी येते. माझ्या संगणकावर फॉन्ट ठरवायच्या खिडकीत फक्त रोमनची जागा दिसत होती. देवनागरीची जागा रिकामी राहिली, आणि रिकामी असली की पॉवरपॉइंट आपल्या यादीतून देवनागरीसाठी मंगल उचलतो. म्हणून काकांच्या तक्त्यात इंग्रजी आकडे मुक्तमध्ये आणि शाळांची नावं मंगलमध्ये.

उपाय थोडा आडवाटेचा आहे, पण एकदाच करायचा. पीपीटीएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते. आधी फाइलची प्रत काढा, ती सेव्हन-झिपने उघडा, आतली `ppt/theme/theme1.xml` नोटपॅडमध्ये उघडा आणि `cs` च्या ओळीत फॉन्टचं नाव घाला:

```
<a:minorFont>
  <a:latin typeface="Mukta"/>
  <a:ea typeface=""/>
  <a:cs typeface="Mukta"/>
```

असंच वर `majorFont` मध्येही. तिथेच खाली लिप्यांची लांबलचक यादी असते, त्यात `script="Deva"` च्या ओळीत `Mangal` दिसेल, ते दोन्हीकडे मी `Mukta` केलं. फाइल झिपमधून बाहेर काढून पुन्हा नव्याने झिप करू नका. मी तसं केलं आणि पॉवरपॉइंटने फाइल खराब आहे म्हणून सांगितलं. झिपच्या आतच बदलून जतन करायची. जमलं की नाही ते पाहायला नवा तक्ता घाला आणि "शाळा 12" असं टाइप करा. अक्षर आणि आकडा एकाच घरातले दिसले की झालं.

मात्र फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर यातलं काहीच उपयोगी नाही. म्हणून रेग्युलर आणि बोल्ड अशा दोनच फाइली आम्ही टेम्प्लेटसोबत देतो. त्यांवर उजवं क्लिक करून `Install` म्हणायचं. शिवाय `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` वर खूण करून त्याखालचा सगळी अक्षरं घेणारा पर्याय निवडायचा, नुसती वापरलेली अक्षरं घेणारा नव्हे. नाहीतर दुसऱ्याला मजकूर दुरुस्त करता येत नाही. आणि बाहेरच्या लॅपटॉपवर दाखवायचं असेल तेव्हा पीडीएफ बरोबर असावीच.

फॉन्टच्याच नादात अजून एक गोष्ट लक्षात आली. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये ओळींमधलं अंतर 0.9 असतं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. 'पूर्तीचे' खाली 'र्कींग' आलं की काय दिसतं ते करून पाहा. मी मास्टरवरच शीर्षकाला 1.0 आणि मजकुराला 1.1 केलं.

आपोआप बारीक होणारी अक्षरं बंद करणं सोपं होतं. मास्टरवर मजकुराच्या चौकटीवर उजवं क्लिक, `Format Shape`, मग टेक्स्ट बॉक्सच्या भागात `Do not Autofit`. प्रत्येक मांडणीत तपासून घ्या, काही ठिकाणी जुनंच राहतं. आता मजकूर जास्त झाला की तो चौकटीच्या बाहेर, पट्टीवर सांडतो. दिसायला वाईट दिसतं, आणि तेच हवं होतं. माणूस स्वतःहून दोन ओळी कापतो किंवा दुसरी स्लाइड घेतो.

मांडण्या तेवीसवरून सात केल्या, वहीतल्या रकान्याप्रमाणे. नावं मराठीत दिली: 'एक मोठा फोटो', 'शाळांचा तक्ता' अशी. चौकटींमधलं 'क्लिक टू अॅड टेक्स्ट' मांडणीत जाऊन पुसलं आणि तिथे सूचना लिहिल्या: 'शाळेचं नाव, मग गाव', 'जास्तीत जास्त पाच ओळी', 'मुलांचे चेहरे दिसत असतील तर शाळेची परवानगी घेतली आहे ना?' या सूचना पडद्यावर दाखवताना किंवा छापताना दिसत नाहीत, त्यामुळे चौकट रिकामी राहिली तरी फजिती होत नाही. वेगळी माहितीपुस्तिका लिहिण्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला. पुस्तिका मीही लिहिली होती, चार पानी. कुणी वाचली नाही. फोटोची चौकट फोटो स्वतःच कापून बसवते, त्यात कधी कधी कडेच्या मुलाचं अर्धं डोकं जातं. तेव्हा `Crop` दाबून फोटो आतल्या आत सरकवायचा. काकांना हे एकदा दाखवावं लागलं.

चिकटवण्याच्या सवयीवर टेम्प्लेटकडे पूर्ण इलाज नाही. जुन्या पीपीटीतली स्लाइड मूळ रूप राखून चिकटवली की तिचा जुना मास्टरसुद्धा फाइलीत येऊन बसतो आणि `New Slide` च्या यादीत जुन्या मांडण्या दिसू लागतात. तीच ओळखायची खूण. आम्ही दोनच नियम ठरवले. मजकूर आणताना `Keep Text Only`, आणि स्लाइड बिघडलेली वाटली की `Home` वरचं `Reset`. या `Reset` ने चौकटींमधला मजकूर पुन्हा आपल्या जागी, आपल्या मापात येतो. अर्थात तो चौकटीत लिहिलेला असेल तरच. आणखी एक त्रास जुन्या अहवालांचा. ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, नव्या फॉन्टमध्ये आणले की नुसती रोमन चिन्हांची खिचडी दिसते. वेबवरची रूपांतर करणारी पानं बरंचसं काम करतात, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. आम्ही फक्त संस्थेच्या परिचयाचा परिच्छेद रूपांतरित केला आणि टेम्प्लेटमध्ये तयार स्लाइड म्हणून ठेवला.

नोंदणीच्या स्लाइडवर मात्र मी कुणालाच काही लिहू दिलं नाही. नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, 12ए, 80जी आणि सीएसआर-1 चा क्रमांक हे सगळं मांडणीतच पक्कं लिहिलं. साध्या स्लाइडवर ते खोडताच येत नाही. क्रमांक मी प्रमाणपत्रावरून वाचले, एका ताईंनी पडद्यावरून उलट वाचून दाखवले, आणि खजिनदारांनी त्या छापील पानावर सही केली. पूर्वी जो साधा टेक्स्ट बॉक्स चुकून टाकला होता तो इथे मुद्दाम टाकला.

10 ऑगस्टला काका पुन्हा बसले, सोबत कॉलेजातली एक मुलगी. मी पुन्हा गप्प. काकांनी बावीस मिनिटांत पाच स्लाइड केल्या. मुलीने मोबाइलवरून करायचा प्रयत्न केला आणि तिथे फॉन्टपासून सगळंच हललं. मोबाइलवर फक्त बघायचं, बनवायचं संगणकावर, असं आम्ही मान्य करून टाकलं.

मंजुरी सप्टेंबरच्या बैठकीत व्हायची होती, पण 7 ला गणपती बसले आणि 14 ची बैठक 21 वर गेली. त्यात एका विश्वस्तांनी लोगो मोठा करायला सांगितलं. केला थोडा. ठरावाच्या वहीत दोन ओळी लागल्या. एकूण खर्च: प्रोजेक्टरच्या केबलचे साडेतीनशे, छपाई आणि रिक्षा मिळून सहाशेच्या आसपास.

अंतिम फाइल `.potx` म्हणून जतन केली. तिच्यावर डबल क्लिक केलं की मूळ फाइल न उघडता तिची नवी, बिननावाची प्रत उघडते. पण पॉवरपॉइंटमधून `File > Open` करून उघडली तर मूळच उघडते. पहिल्याच आठवड्यात एका कार्यकर्त्याने तसं उघडून, आपलं भाषण लिहून, त्याच नावाने जतन करून तीच फाइल ग्रुपवर टाकली. दोन दिवस तेच 'टेम्प्लेट' म्हणून फिरत होतं. तेव्हापासून मूळ फाइल ड्राइव्हवर फक्त बघण्याच्या परवानगीने आहे आणि ग्रुपवर फाइलऐवजी दुवा जातो.

एक मर्यादा मला उशिरा कळली. टेम्प्लेट बदललं तरी त्यावरून आधी बनलेल्या पीपीटी बदलत नाहीत, त्यांचा मूळ फाइलशी संबंध तुटलेला असतो. म्हणजे जुन्या नंबरची गोष्ट पुन्हा घडू शकते. आमच्या त्या 80जी ची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतच होती आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या किमान सहा महिने आधी करायचा होता. म्हणून नोंदणीच्या स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरांत 'आवृत्ती 2024-09' लिहिलं आहे. बाहेर जायच्या आदल्या दिवशी पीपीटी खजिनदारांना पाठवायची, आणि ते बाकी काही बघोत न बघोत, तो कोपरा बघतात.